चाळीस दिवसांचा लेख

दिवाळी अंकात छपाईच्या चुका सापडल्या की वाचक मुद्रितशोधकाच्या नावाने बोटं मोडतात. चुकीच्या माणसाच्या नावाने मोडतात. त्या चुका शेवटच्या जागरणात उघड्या पडतात एवढंच. त्यांची पेरणी जुलैत झालेली असते, संपादकाने दीड-दोन डझन लेखकांना फोन करून "पंधरा ऑगस्टपर्यंत द्या, भरपूर वेळ आहे" असं सांगितलं तेव्हा.

यंदा अंक घरी आला की कथा वाचण्याआधी अनुक्रमणिका उघडा आणि तिच्यातले पानांचे आकडे आतल्या पानांशी ताडून बघा. अनुक्रमणिका सगळ्यांत शेवटी जुळते, कारण पानं पक्की झाल्याशिवाय आकडे टाकता येत नाहीत. ते चुकलेले असतील तर या अंकाला शेवटचे तीन-चार दिवस मिळालेच नाहीत असं खुशाल धरून चाला. मग मथळे बघा, चित्रांखालच्या ओळी बघा, लेखकांच्या नावांतल्या वेलांट्या बघा. घाईत वाचणारा डोळा मोठ्या अक्षरांवरून घसरतो. आतल्या मजकुरातला ऱ्हस्व-दीर्घ अचूक पकडणारा मुरलेला मुद्रितशोधकसुद्धा रात्री दोन वाजता बोटभर उंचीच्या मथळ्यातली चूक सोडून देतो. त्याला दहा दिवस कबूल केलेले असतात, मिळतात दोन रात्री. मानधन तेवढंच, आणि नाव त्याचं खराब.

का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून शंभराहून जास्त दिवाळ्या झाल्या, आणि त्यांतली एकही दिवाळी न सांगता आलेली नाही. तारीख वर्षभर आधी पंचांगात छापलेली असते. तरीही दरवर्षी तीच धावपळ होत असेल, तर दोष दिवसांच्या कमतरतेचा नाही. दिवस असतात. ते चुकीच्या जागी ठेवलेले असतात.

कुठे, ते बघू. दोनेकशे पानांचा अंक धरा. अठरा लेख, शिवाय कविता, मुखपृष्ठ आणि जाहिराती. प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला किती दिवस लागतील. लेखक म्हणतात चाळीस. संपादनाला बारा, मांडणीला चौदा, मुद्रितशोधनाला दहा, दुरुस्त्या आणि शेवटच्या नजरेला सहा. झाले ब्याऐंशी. त्यानंतर छपाई आणि बांधणीचे चौदा.

आता त्या चाळिसाकडे नीट बघा. अडीच हजार शब्दांचा लेख लिहायला चाळीस दिवस लागत नाहीत. ज्याला विषय माहीत आहे त्याला बैठक जमली तर चार-पाच दिवस पुरतात. पण लेखक विचार करतो की मध्ये गणपती आहेत, एखादं आजारपण येईल, संदर्भाचं पुस्तक मिळायला वेळ लागेल, आणि शब्द पाळता आला नाही तर लाज जाईल. म्हणून तो असा आकडा सांगतो जो दहांतल्या नऊ वेळा पाळता येईल. यात खोटेपणा काहीच नाही. ज्याच्याकडून शब्द घेतला जातो तो माणूस संरक्षण मागणारच. संपादक, मांडणीकार, मुद्रितशोधक, सगळेच मागतात. म्हणजे त्या ब्याऐंशी दिवसांत निम्म्याच्या आसपास निव्वळ संरक्षण आहे. एवढी कवचं घालून बसलेला अंक उशिरा निघायलाच नको होता. तरी निघतो, कारण ती सगळी कवचं दोन ठिकाणी जळतात.

पहिली जागा कामाच्या सुरुवातीला आहे. इलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ कारखान्यांच्या नियोजनाकडे वळले आणि १९९७ साली त्यांनी 'क्रिटिकल चेन' नावाची कादंबरी लिहिली. कादंबरीच, पण विषय प्रकल्पांच्या वेळापत्रकाचा आणि पार्श्वभूमी व्यवस्थापन शिकवणाऱ्या वर्गाची. विद्यार्थी भांडून गृहपाठाला मुदतवाढ घेतात आणि वाढीव मुदतीतही शेवटच्या क्षणीच हात घालतात, या सवयीला त्यांनी 'स्टुडंट सिंड्रोम' म्हटलं. हा आळस आहे असं समजू नका. ज्याच्यापुढे पाच कामं आहेत तो सगळ्यांत जवळच्या तारखेचं काम आधी उचलतो, आणि ते शहाणपणाचंच आहे. चाळीस दिवस दिलेला लेख त्या रांगेत शेवटी जातो. पस्तिसाव्या दिवशी तो पुढे येतो. गणपती, आजारपण, न मिळालेलं पुस्तक यांच्यासाठी ठेवलेले दिवस तोवर संपलेले असतात, आणि पुस्तक खरोखरच मिळत नाही तेव्हा हातात काही उरत नाही.

दुसरी जागा कामाच्या शेवटाला आहे. तिथे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन बसलेले आहेत. हे नौदलाचे इतिहासकार. १९ नोव्हेंबर १९५५ च्या 'इकॉनॉमिस्ट'मध्ये त्यांचा लेख आला. जितका वेळ हाताशी असेल तितकं काम फुगतं, हा त्यांचा नियम. भाचीला एक पोस्टकार्ड लिहिण्यात अख्खा दिवस घालवणारी निवांत म्हातारी त्याच लेखातली. पण पार्किन्सन यांचा खरा रोख सरकारी खात्यांवर होता, आणि त्यांनी पुरावा ब्रिटिश नौदलाचा दिला होता. १९१४ ते १९२८ या काळात सेवेतल्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि नौदलाच्या मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं कमी झाली तरी कागद कमी झाले नाहीत.

आपल्या अंकात हा नियम संपादनाच्या आणि मांडणीच्या टेबलावर दिसतो. मांडणीकाराने चौदा दिवस मागितले आणि काम नवव्या दिवशी झालं, तर तो दहाव्या दिवशी पानं पुढे देतो का? सहसा नाही. एका मथळ्याचा टाइप बदलतो, चौकट काढतो, परत घालतो, रंग फिका करून बघतो. काम चांगलं व्हावं ही त्याची इच्छा खरी असते. पण त्यामागे दुसरंही कारण असतं, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून तयार केलेलं आहे. लवकर दिलं तर पुढच्या वर्षी "मागच्या वेळी नऊ दिवसांत केलं होतंत की" हे ऐकावं लागतं. शिवाय पुढचा माणूस तयारच नसतो, कारण त्याला चौदाव्या दिवसाची तारीख दिलेली असते. दहाव्या दिवशी दिलेली पानं चार दिवस त्याच्या खोक्यात पडून राहणार असतील, तर द्यायची कशाला?

यातून जे घडतं ते क्रूर आहे. एखाद्याने सहा दिवस उशीर केला की तो उशीर पूर्णच्या पूर्ण पुढच्याकडे जातो. एखाद्याने पाच दिवस वाचवले तर ते तिथेच जिरतात. तोटा पुढे सरकतो, नफा सरकत नाही. म्हणून लेख सेहेचाळिसाव्या दिवशी येतात, संपादन आपले बारा दिवस पुरेपूर घेतं, मांडणी चौदा घेते आणि बहात्तरावा दिवस उजाडतो. छापखान्याची तारीख ब्याऐंशीवी. उरलेल्या दहा दिवसांत मुद्रितशोधन, दुरुस्त्या, जाहिरातींची उशिरा आलेली पानं आणि अनुक्रमणिका. साखळीत जो शेवटी उभा असतो तो सगळ्यांची भरपाई करतो. त्याने मागितलेलं संरक्षण त्याला एक दिवसही वापरता येत नाही.

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येतं. पंचांगाने अठरा दिवस फुकट वाढवून दिले. हे अठरा दिवस जुलैतच कुणी वेगळे काढून ठेवले नाहीत, तर ते मुद्रितशोधकापर्यंत पोचणार नाहीत. लेखकांची तारीख पंधरा ऑगस्टवरून दोन सप्टेंबरवर जाईल आणि बाकी सगळं तसंच होईल. वेळ वाढवून हा प्रश्न सुटत नाही याचा याहून सरळ पुरावा नको.

मग करायचं काय? इथे बहुतेक सल्लागार एकच उपाय सांगतात की मधल्या तारखा द्या. अर्धा सल्ला बरोबर आहे, अर्धा नुकसान करणारा. तारीख कुणाला द्यायची आणि कुणाला द्यायची नाही, हा फरक कळला पाहिजे.

एकटा माणूस मोठं काम करत असेल तर मधल्या तारखा उपयोगी पडतात, आणि त्या दुसऱ्याने दिलेल्या असाव्यात. डॅन एरिएली आणि क्लाउस व्हेर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका मुद्रितशोधनावरच आहे. साठ विद्यार्थ्यांना चुका शोधण्यासाठी तीन मजकूर दिले, तीन आठवड्यांची मुदत. सापडलेल्या प्रत्येक चुकीला दहा सेंट, उशिराच्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर दंड. एका गटाला दर आठवड्याला एक मजकूर परत करायला सांगितलं. दुसऱ्याने तिन्ही एकदम शेवटच्या दिवशी दिले तरी चाललं असतं. तिसऱ्याने आपापल्या तारखा आधी ठरवून सांगायच्या होत्या. सगळ्यांत जास्त चुका सापडल्या आठवडी तारखांच्या गटाला, आणि उशीरही त्यांचाच सगळ्यांत कमी. शेवटच्या दिवशीची मोकळीक असलेले सगळ्यांत मागे राहिले. स्वतः तारखा ठरवणारे मध्ये.

लेखकांच्या बाबतीत हे जसंच्या तसं लागू करता येतं. अठरा जणांना एकच तारीख देणं बंद करा. चाळीसऐवजी वीस दिवस धरा आणि सहा लेख दहाव्या दिवसाला, सहा पंधराव्याला, सहा विसाव्याला मागा. प्रत्येकाकडून पहिली दोन पानं त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी घ्या. कच्ची, खाडाखोडीची, कशीही. ती पानं चांगली आहेत की वाईट हे बघायचंच नाही. लेख सुरू झाला आहे एवढंच त्यातून कळतं, आणि स्टुडंट सिंड्रोमवर तेवढं कळणं हाच इलाज आहे.

सप्टेंबरातला तो फोन सगळ्यांनी ऐकलेला आहे. "ताई, लेख कुठवर आला?" "झालाच आहे हो, शेवटचा हात फिरवतेय." हा हात पंधरा दिवस फिरत राहतो. प्रश्नच चुकीचा असतो. 'कुठवर आला' या प्रश्नाला 'झालाच आहे' याशिवाय दुसरं उत्तर सभ्य माणूस देऊ शकत नाही. "ताई, इथून पुढे अजून किती दिवसांचं काम आहे?" असं विचारा. "तसे चारेक दिवस लागतील" असं उत्तर येतं, आणि ते खरं असतं. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर पुन्हा चारच आलं तर लेख हललेला नाही हे तुम्हाला कळलं, आणि कुणाला खोटंही बोलावं लागलं नाही.

आणखी एक हिशेब जवळपास कुणीच करत नाही. समजा प्रत्येक लेखक दहांतल्या नऊ वेळा वेळ पाळतो, म्हणजे फारच सज्जन आहे. तरीही अठराच्या अठरा लेख वेळेवर येण्याची शक्यता किती? पंधरा टक्के. शंभरातल्या पंचाऐंशी वेळा कुणीतरी राहणारच, आणि त्यात कुणाचाही विशेष दोष नसतो. म्हणून सगळे लेख आल्यावर संपादन सुरू करायचं हे वेळापत्रक मुळातच फसलेलं आहे. आलेला लेख त्याच दिवशी संपादनाला घ्या. शिवाय अठरा हवे असतील तर वीस सांगून ठेवा. उशिरा आलेला चांगला लेख वाया जात नाही, तो पुढच्या एखाद्या अंकात जातो.

लेखकांपुढच्या साखळीला मात्र तारखा देऊ नका. संपादक, मांडणीकार आणि मुद्रितशोधक यांच्या हातातून काम पुढे जातं. तिथे प्रत्येकाला तारीख दिली की ती तारीख भरून काढली जाते. तिथला धोका पार्किन्सनचा आहे. गोल्डरॅट यांचं म्हणणं असं की प्रत्येकाच्या अंगावरचं कवच काढून घ्या आणि सगळ्यांचं मिळून एकच कवच शेवटी ठेवा. अंदाज निम्मे करा. जे दिवस निघाले त्यांतले निम्मे एकत्र राखीव ठेवा, उरलेले सोडून द्या. प्रत्येकावर वेगवेगळं संकट येईल म्हणून प्रत्येकाकडे वेगळी शिल्लक लागते, पण सगळ्यांवर एकाच वर्षी संकट येत नाही. म्हणून एकत्र ठेवलेली शिल्लक कमी असली तरी पुरते.

आपल्या अंकात हे असं दिसेल. लेखक वीस दिवस, संपादन सहा, मांडणी सात, मुद्रितशोधन पाच, दुरुस्त्या तीन. बेरीज एक्केचाळीस. ब्याऐंशीतून एक्केचाळीस सुटले, त्यांतले वीस राखीव. एकूण एकसष्ट. छपाई-बांधणीचे चौदा दिवस मात्र निम्मे करायचे नाहीत. शाई वाळायला, फर्मे दुमडायला आणि शिवायला, मुखपृष्ठ चिकटवायला जो वेळ लागतो तो कुणाच्या भीतीने वाढलेला नसतो. आणि दिवाळीच्या तोंडावर छापखान्यात सगळ्यांचीच गर्दी असते, आपली पाळी गेली की आठवडा गेला. म्हणून हे वीस राखीव दिवस लक्ष्मीपूजनाच्या आधी ठेवून उपयोग नाही. ते छापखान्याच्या तारखेच्या आधी ठेवायचे. जी पाळी परत मिळणार नाही तिच्या दाराशी पहारा बसवायचा. मुखपृष्ठाचं चित्र आणि जाहिराती बाजूने येऊन मांडणीला मिळतात. त्यांची शेवटची तारीख मांडणीच्या पाच दिवस आधी लावा, म्हणजे चित्रकाराचा उशीर मुख्य साखळीला शिवणार नाही.

आता अंक चालू झाला. विसाव्या दिवशी यायचे लेख एकोणतिसाव्या दिवशी पुरे झाले. नऊ दिवस राखीवमधून गेले. घाबरायचं का? साखळीचं काम एक्केचाळिसांतलं वीस, म्हणजे निम्मं झालं, आणि राखीवही निम्म्याच्या आतच गेलं आहे. ठीक आहे. संपादनाला सहाऐवजी सात लागले, दहा गेले. मांडणी सहा दिवसांत झाली आणि पानं त्याच संध्याकाळी मुद्रितशोधकाकडे गेली, म्हणून एक दिवस परत मिळाला. नऊ. साखळी ऐंशी टक्के पार, राखीव पंचेचाळीस टक्के खर्च. मग मुद्रितशोधक तापाने पडले आणि पाचाचे नऊ झाले. तेरा. दुरुस्त्यांना एक दिवस जास्त, चौदा. सगळं मिळून पंचावन्न दिवस, आणि छापखान्याच्या पाळीला सहा दिवस बाकी. जुन्या हिशेबात याच घटना घडल्या असत्या, तर तापात पडलेल्या माणसाला कुणी उठवून बसवलं असतं.

रोज बघायचे आकडे दोनच आहेत. साखळी किती संपली आणि राखीव किती गेलं. राखीव साखळीच्या पुढे पळायला लागलं, म्हणजे पाव काम झालंय आणि निम्मं राखीव संपलंय, की त्याच दिवशी हालचाल करायची. एखादा लेख वगळायचा, दुसरा मुद्रितशोधक बोलवायचा, सोळा पानांचा एक फर्मा कमी करायचा. हे निर्णय ऑगस्टमध्ये स्वस्त असतात. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एकही घेता येत नाही, कारण तोपर्यंत जाहिराती पानांच्या आकड्यावर विकलेल्या असतात.

ही पद्धत मोडते ती जवळजवळ नेहमी वरच्या माणसामुळे. मांडणीकाराला सात दिवस सांगितले, आणि त्याला नऊ लागल्यावर मालकाने विचारलं, "सात सांगितले होते ना?" संपलं. निम्मा केलेला अंदाज दोनांतल्या एका वेळी चुकणारच, तो तसा असावा म्हणूनच निम्मा केला आहे. त्याचा शब्द केला की पुढच्या वर्षी मांडणीकार अठ्ठावीस सांगेल, म्हणजे निम्मे करून चौदा हातात राहतील. तो बरोबरच करेल. दुसरा घात त्याहून साधा. राखीव वीस दिवस बघून प्रकाशक म्हणतो, "हे मोकळेच आहेत, पाळी अलीकडे घेऊ." ते मोकळे नाहीत. लेखकांच्या उशिराने त्यांतले नऊ खाल्ले, तापाने चार. आणि नुसते निम्मे करा हा ठोकताळा आहे, गणित नाही. ज्याने आधीच प्रामाणिक आकडा सांगितला त्याचे निम्मे केलेत तर काम बिघडेल. कुणाच्या आकड्यात किती कवच आहे हे बसून बोलूनच कळतं.

कुठलीच पद्धत कामी येणार नाही अशीही एक जागा आहे. मांडणीकार एकच आणि त्याच्याकडे तीन मासिकांचे दिवाळी अंक, प्रत्येकी सात दिवसांचे. तिन्ही संपादक रोज फोन करतात म्हणून तो रोज एकेकाचं थोडं करतो. मग अंक पूर्ण होतात एकोणिसाव्या, विसाव्या आणि एकविसाव्या दिवशी. एकामागून एक केले असते तर सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या. शेवटच्याचं काहीच बिघडलं नसतं, पहिल्याला बारा दिवस मिळाले असते. तिन्ही संपादकांनी एकदा एकत्र बसून क्रम ठरवला तर हे होईल, आणि तोवर फोन बंद ठेवावे लागतील. हे मी गंभीरपणे सुचवतो आहे.

एक वही ठेवायची आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर सुमारे चौतीस दिवस. प्रत्यक्षात सुमारे छप्पन्न लागले. सगळंच बिघडलं तर किती, असं विचारल्यावरचा आकडासुद्धा एकोणपन्नासच्या आसपास होता. पुढच्या कामाचा अंदाज माणूस कामाकडे बघून करतो, मागच्या अनुभवाकडे बघून करत नाही. म्हणून अंक छापखान्यात गेला की त्याच आठवड्यात पाच ओळी लिहा. लेखक एकोणतीस, संपादन सात, मांडणी सहा, मुद्रितशोधन नऊ, दुरुस्त्या चार. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखा, एक प्रत्यक्ष कामाच्या दिवसांचा आणि दुसरा कागद नुसते पडून राहिलेल्या दिवसांचा. दुसरा रकाना ज्या ओळीत मोठा निघेल, तिथल्या माणसाशी पुढच्या जूनमध्ये सगळ्यांत आधी बोला. कामाच्या वेगाबद्दल बोलू नका. कागद त्याच्याकडे येणार असल्याची बातमी त्याला किती दिवस आधी मिळाली होती, ते विचारा.